चार वर्षे कारावास : कोणत्या रजिस्टरवरून?

कोल्हापूरच्या बिंदू चौकात बाबासाहेबांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. बाबासाहेब हयात असताना, ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने तो बसला, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण तिथे जमतो, अभिवादन करतो आणि घरी जातो. पण त्याच चौकाला लागून जी उंच भिंत आहे ती तुरुंगाची आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. संस्थानकाळापासून कोल्हापूरचे लोक जिला 'आत जाणे' म्हणतात ती जागा हीच. आपल्यापैकी कोण तिथे आत गेले, किती दिवस राहिले आणि कधी बाहेर आले, याचा हिशेब मात्र आपण कधी मांडला नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे जयंतीच्या स्मरणिका. अलीकडे प्रत्येक तालुक्यातून गौरव अंक निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. त्यात 'आमच्या समाजाचे स्वातंत्र्यसैनिक' असे एक पान हमखास असते. खाली फोटो आणि एक ओळ : 'बेचाळीसच्या लढ्यात चार वर्षे कारावास.' कुठे तीन, कुठे पाच. ही वर्षे कशावरून आली असे विचारले की उत्तर ठरलेले असते, त्यांना पेन्शन होती. पेन्शन होती म्हणजे तुरुंगवास होता, हे बहुतेक वेळा खरे असते. पण पेन्शन होती म्हणजे चार वर्षे होती, हे कशावरूनच सिद्ध होत नाही.

यात खोट काढण्याचा हेतू नाही. 'स्वातंत्र्याच्या लढ्यात तुम्ही कुठे होता?' हा प्रश्न आपल्याला कुत्सितपणे विचारला जातो. अरुण शौरींनी १९९७ साली त्यावर आख्खे पुस्तक लिहिले. बाबासाहेब जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि काँग्रेसच्या ऑगस्ट ठरावाच्या बाजूचे नव्हते, हे आपण लपवत नाही आणि लपवायचे कारणही नाही. असे असूनही खेड्यापाड्यातली आपली काही माणसे त्या लढ्यात गेली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात राहिली. पण हे सांगताना दोन वर्षांची चार केली, तर विरोधक त्या वाढवलेल्या दोन वर्षांवर बोट ठेवतो आणि खरी दोन वर्षेही त्यांच्याबरोबर बुडतात. म्हणून आपला आकडा आपणच आधी तपासून घेतला पाहिजे.

तपासायचा कसा? त्यासाठी पेन्शनची फाईल काय सांगते आणि तुरुंगाचे रजिस्टर काय सांगते, हे वेगळे करून समजून घ्यावे लागते.

केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सुरू केली. तेव्हा उत्पन्नाची अट होती. १ ऑगस्ट १९८० पासून ती अट गेली आणि योजनेला 'सन्मान' हा शब्द जोडला गेला. तुरुंगवासाची किमान मर्यादा सहा महिने होती. १९८० च्या बदलात स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांसाठी ती तीन महिन्यांवर आणली गेली. ही तीन महिन्यांची तरतूद आपल्या अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. तिचा परिणाम असा की आपल्या माणसाची फाईल मंजूर झालेली दिसली तर तिच्यावरून निदान तीन महिने एवढेच म्हणता येते. तिथून चार वर्षांपर्यंत उडी मारायची तर मधला पुरावा हवा.

अर्जदाराला पात्रतेची रेषा ओलांडली एवढेच दाखवायचे होते. सहा महिने सिद्ध झाले की उरलेल्या दीड वर्षाचे कागद जमवत बसायची त्याला गरज नव्हती आणि कारकुनालाही नव्हती. त्यामुळे फाईलमध्ये कधी खऱ्यापेक्षा कमी मुदत आढळते, कधी अर्जात जास्त लिहिलेली आणि मंजुरीच्या टिपणीत कमी धरलेली. फाईल हातात आली की आधी अर्ज वाचू नका. अर्ज म्हणजे अर्जदाराचे म्हणणे. आधी मंजुरीची टिपणी वाचा आणि ती कोणत्या कागदावर उभी आहे ते पाहा.

तो कागद साधारणपणे दोन प्रकारचा असतो. पहिला, तुरुंगाधिकाऱ्याचा किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याचा दाखला. त्यात शिक्षा किती, तुरुंगात दाखल कधी, सुटका कधी, कोणत्या खटल्यात आणि सुटकेचे कारण काय, हे रजिस्टर बघून लिहिलेले असते. हा दाखला असेल तर निम्मे काम झाले. दुसरा प्रकार, अभिलेख उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र आणि त्याच्या जोडीला दोन सहबंद्यांची प्रमाणपत्रे. हे सहबंदी स्वतः किमान एक वर्षाचा तुरुंगवास सिद्ध झालेले असावे लागतात आणि अर्जदाराबरोबर त्याच तुरुंगात असावे लागतात. प्रमाणपत्र देणारा आजी किंवा माजी आमदार-खासदार असेल तर एकटाच पुरे, अशीही सवलत होती. भूमिगताची गोष्ट आणखी वेगळी. त्याला दोन वर्षे तुरुंग भोगलेल्या सैनिकाचे व्यक्तिगत माहितीचे प्रमाणपत्र लागते. पण भूमिगत राहणे म्हणजे कारावास नव्हे. वर्षे मोजताना तो काळ स्वतंत्र ओळीत लिहायचा. स्मरणिकेतल्या 'चार वर्षां'त पुष्कळदा दोन वर्षे भूमिगतपणाची असतात.

इथे एक गोष्ट बोलली गेली पाहिजे. १९३० नंतर ब्रिटिश मुलुखातल्या तुरुंगांत कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग झाले. वर्ग ठरायचा शिक्षण, राहणीमान आणि समाजातले स्थान पाहून. वकील, डॉक्टर, सावकाराचा मुलगा वरच्या वर्गात आणि गावकुसाबाहेरचा मजूर 'क' वर्गात. पुढे आमदार-खासदार झाले ते बहुधा वरच्या वर्गातले. मग चाळीस वर्षांनी प्रमाणपत्र मागायला 'क' वर्गातला माणूस कुणाच्या दारी जाणार? ज्याने त्याला तुरुंगात नीट पाहिलेलेच नाही, त्याच्या दारी. तुरुंगातली ही वर्गवारी अशी पेन्शनच्या फाईलपर्यंत पोचली. म्हणून जिल्ह्याच्या पेन्शन यादीत आपली नावे थोडी दिसतात तेव्हा 'आपले लोक गेलेच नाहीत' हा निष्कर्ष त्या यादीवरून निघत नाही. तो काढायचा की नाही हे रजिस्टर पाहिल्यावर ठरेल.

आता रजिस्टराकडे येऊ. तुरुंगात एकच वही नसते. ज्याचा खटला चालू आहे त्या कच्च्या कैद्याची वही वेगळी, शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याची वेगळी. खटल्याशिवाय हुकमाने अडकवलेल्या स्थानबद्धाची नोंद तिसरीकडे. सुटकांची नोंद आणखी एका वहीत, तारखेप्रमाणे. अनेकजण पक्क्या कैद्यांची एक वही चाळतात, नाव सापडत नाही आणि 'नोंद नाही' म्हणून परत येतात. तो माणूस स्थानबद्ध असेल तर पक्क्यांच्या वहीत तो असणारच नाही. त्याला शिक्षा झालेलीच नव्हती.

पक्क्या कैद्याच्या नोंदीत कैदी क्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, वय, गाव, अंगावरच्या खुणा, कलम, शिक्षा देणारे कोर्ट, शिक्षेची तारीख व मुदत, मिळालेली माफी, बदली आणि सुटका अशी माहिती असते. जातीच्या रकान्याला इंग्रजांनी आणि संस्थानिकांनी दिलेली जागा आपल्याला चीड आणते. पण इतिहास शोधताना तोच रकाना आपल्या उपयोगी पडतो, कारण कोल्हापूरकडच्या आपल्या माणसांना नावावरून ओळखणे हे सर्वात अवघड काम आहे. आज घरोघरी 'कांबळे' आहे. त्या काळच्या वहीत मात्र 'रामा बिन सटवा महार' एवढेच असण्याची शक्यता जास्त. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनावाचा पत्ताच नाही. उलट पेन्शनच्या अर्जात १९७२ किंवा १९८० साली तोच माणूस 'रामचंद्र सटवाजी कांबळे' होऊन येतो. जो फक्त आडनाव शोधतो त्याला काही मिळत नाही. आणि जो 'कांबळे' दिसला की आनंदतो त्याला दुसऱ्याच गावचा कांबळे मिळतो. म्हणून नाव, बापाचे नाव, गाव आणि वय या चारांपैकी निदान तीन जुळल्याशिवाय नोंद आपल्या माणसाची म्हणू नये. घरात कुणाला आजोबांच्या कपाळावरची खोक किंवा तुटलेले बोट आठवत असेल तर ते खुणांच्या रकान्याशी ताडून पाहावे. ती आठवण कोणत्याही प्रतिज्ञापत्रापेक्षा भक्कम ठरते.

पण आधी कोणत्या तुरुंगाची वही मागायची, हे ठरले पाहिजे. कोल्हापुरात सर्वात जास्त माणसे इथे चुकतात. आजचा कोल्हापूर जिल्हा म्हणजे १९४२ चे कोल्हापूर संस्थान नव्हे. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तोपर्यंत त्याची कोर्टे वेगळी, पोलीस वेगळे, तुरुंग वेगळा. गारगोटीच्या कचेरीवर १३ डिसेंबर १९४२ रोजी जो हल्ला झाला, ज्यात सात जण हुतात्मा झाले, ते प्रकरण संस्थानच्या हद्दीतले. त्या परिसरात पकडलेल्याचा माग आधी संस्थानच्या कागदांत काढायला हवा. येरवड्याच्या अधीक्षकाने 'आमच्याकडे नोंद नाही' असे लिहून दिले तर ते खरे असते आणि निरुपयोगीही असते.

चंदगडचे उदाहरण घ्या. हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणजे थेट ब्रिटिश मुलुखात. तिथल्या माणसाचा खटला बेळगावकडच्या कोर्टात आणि तुरुंग बहुधा हिंडलगा. ते आज कर्नाटकात. कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीत चपला झिजवून काय मिळणार? कुरुंदवाड आज शिरोळ तालुक्यात आहे, पण तेव्हा ते स्वतंत्र पटवर्धनी संस्थान होते. निपाणी-चिकोडीच्या बाजूला जाऊन ज्यांनी तारा तोडल्या, ते राहणारे कोल्हापूर संस्थानचे आणि कैदी ब्रिटिशांचे. म्हणून 'गाव कुठले' यापेक्षा 'पकडले कुठे' हा प्रश्न आधी विचारायचा. संस्थानचे जुने दप्तर शासनाच्या कोल्हापूर पुरालेखागारात आहे. तिथे जाताना मोडी वाचणारा कुणी सोबत असेल तर बरे, कारण जुन्या कागदांत मोडी भेटते आणि मोडीत नाव चुकीचे वाचले तर पुढचा सगळा शोध चुकतो.

आता एक हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. माणूस कल्पित धरला आहे, पण नोंदी अशाच स्वरूपात येतात. भुदरगडकडचा एक तरुण. स्मरणिकेत 'चार वर्षे सक्तमजुरी'. घरचे सांगतात, आजोबा स्वतः सांगायचे. पेन्शनच्या अर्जातही चार वर्षे. मंजुरीच्या टिपणीत मात्र 'सहा महिन्यांहून अधिक, पात्र' एवढेच. पक्क्या कैद्यांच्या वहीत नाव, बाप, गाव जुळणारी नोंद मिळते. अटक २२ डिसेंबर १९४२. शिक्षा १२ जून १९४३. एका कलमाखाली दोन वर्षे सक्तमजुरी, दुसऱ्याखाली एक वर्ष, दोन्ही शिक्षा एकदम भोगायच्या. शिवाय शंभर रुपये दंड, न दिल्यास आणखी सहा महिने. शेऱ्यात 'दंड भरला'. सुटका २० फेब्रुवारी १९४५, माफी वजा जाऊन.

घरचा हिशेब कसा झाला असेल ते आता दिसते. दोन आणि एक तीन वर्षे, दंडाचे सहा महिने आणि खटला चालू असतानाचे सुमारे सहा महिने. झाली चार. यात कुणी खोटे बोललेले नाही. कोर्टाने जे जे उच्चारले ते सगळे आजोबांच्या लक्षात राहिले आणि नातवांनी त्याची बेरीज केली. पण 'एकदम भोगायच्या' या शब्दांमुळे एक वर्षाची शिक्षा दोन वर्षांच्या पोटातच संपली. दंड भरल्यामुळे सहा महिने उद्भवलेच नाहीत. राहिला भोगलेला काळ. २२ डिसेंबर १९४२ ते १२ जून १९४३ कच्चा कैदी म्हणून पाच महिने एकवीस दिवस. तिथून २० फेब्रुवारी १९४५ पर्यंत पक्का कैदी म्हणून एक वर्ष आठ महिने आठ दिवस. एकूण दोन वर्षे दोन महिने, एक दिवस कमी. छापताना लिहायचे ते असे : 'डिसेंबर १९४२ ते फेब्रुवारी १९४५ तुरुंगात, शिक्षा दोन वर्षे सक्तमजुरी.' ही ओळ कुणीही तपासावी, ती हलणार नाही.

पेन्शनचा हिशेब याहून थोडा निराळा असतो, तोही माहीत असावा. तिथे खटला चालू असतानाचा काळ शिक्षा झाली तरच धरतात. मिळालेली माफी एका महिन्यापर्यंत भोगलेल्या काळात मिळवतात. तुटक तुटक तुरुंगवासांची बेरीज करतात. म्हणजे पेन्शनसाठी धरलेली मुदत आणि अंगावर भोगलेली मुदत यांत महिना-दोन महिन्यांचा फरक कायद्यानेच पडू शकतो. असा फरक दिसला की लगेच 'बोगस' म्हणून ओरडू नये.

बोगस प्रकार झालेच नाहीत असे मात्र नाही. बीड जिल्ह्यातली प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्या आयोगाकडून त्यांची छाननी झाली आणि भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र शासन या २००५ च्या निकालाने तो विषय सगळ्या राज्याला कळला. संशयाची जागा कशी ओळखावी? सहबंद्याने आपल्या प्रमाणपत्रात तुरुंगाचे नाव आणि तारखा दिल्या असतील तर त्या सहबंद्याचीच नोंद काढून पाहा. तो ऑगस्टमध्ये सुटला आणि आपला माणूस डिसेंबरमध्ये आत गेला असेल, तर दोघे एकत्र होते कधी? एकाच भाषेतली, फक्त नाव बदललेली पाच-दहा प्रमाणपत्रे एकाच माणसाच्या सहीची निघाली तर त्यांतल्या एकावरही एकट्याने विसंबू नये. आणि वय. शाळेच्या दाखल्यावरून १९४२ साली नऊ वर्षांचा असलेला मुलगा खजिन्यावर चालून गेला असे कुणी म्हणत असेल, तर पुढचे कागद बघायचीसुद्धा गरज नाही.

इथे एक आक्षेप येईल. सर्वोच्च न्यायालयानेच गुरदियाल सिंग प्रकरणात २००१ साली सांगितले आहे की स्वातंत्र्यसैनिकाकडून फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये, संभव कोणत्या बाजूला अधिक आहे ते पाहावे. मग आपण कोण एवढे काटेकोर होणारे? न्यायालयाचे ते म्हणणे योग्यच आहे. समोर म्हातारा माणूस आहे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, कागद सरकारनेच हरवलेले आहेत. संशयाचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे. पण तो फायदा पेन्शनसाठी आहे. इतिहास लिहिताना त्याच मंजुरीला पुरावा म्हणून पुढे करणे म्हणजे न्यायालयाने माणुसकीने केलेल्या गोष्टीचा भलताच अर्थ लावणे होय. कागद मिळत नसेल तर 'कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे' असे लिहायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

कागद मागायची वाट सांगतो. पेन्शनची फाईल जिल्हाधिकारी कचेरीत आणि मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागाकडे, केंद्राची असेल तर दिल्लीला गृह मंत्रालयात. वारसाने स्वतः अर्ज केला तर अडचण कमी येते. दुसऱ्याने माहिती अधिकारात मागितली की 'व्यक्तिगत माहिती' म्हणून नकार येतो आणि २०२३ च्या कायद्याने ते कलम आणखी कडक केले आहे. पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्येच, पोटकलम ३ मध्ये, वीस वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेची माहिती काही ठरावीक अपवाद सोडून द्यावी असे म्हटले आहे. अर्जात ते कलम लिहा. फाईल मागताना 'संपूर्ण फाईल' असे मोघम मागू नका. मंजुरीची टिपणी, तुरुंगाचा दाखला आणि सहबंद्यांची प्रमाणपत्रे असे नावानिशी मागा. बँक खाते आणि वैद्यकीय कागद नकोत, हेही लिहा. अर्धी अडवणूक तिथेच संपते.

आता मला जी काळजी वाटते ती सांगतो. इथपर्यंत बोललो ते बेचाळीसच्या कैद्यांविषयी. त्यांच्यामागे निदान पेन्शनची फाईल तरी आहे. आपले खरे तुरुंग त्यानंतरचे आहेत. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. बायका-पोरांसकट लोक तुरुंगात गेले. आपण सभेत लाखांचा आकडा सांगतो. तो आकडा जिल्ह्याजिल्ह्याच्या रजिस्टरांवरून कुणी जुळवून पाहिला आहे काय? २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळ ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंतच्या नामांतराच्या लढ्यात पोरे किती वेळा आत गेली, किती दिवस राहिली? यांपैकी कुणालाही पेन्शन नाही, म्हणून कुणाचीही फाईल नाही. आणीबाणीतल्या बंद्यांना महाराष्ट्र सरकारने २०१८ साली मानधन सुरू केले, दुसऱ्या सरकारने २०२० साली बंद केले, २०२२ साली ते पुन्हा सुरू झाले. त्या मानधनाच्या निमित्ताने त्यांच्या तुरुंगवासाचे कागद शोधले गेले, जपले गेले. नामांतराच्या सत्याग्रहींच्या वाट्याला असे निमित्त आलेच नाही. त्यांचा एकमेव लेखी साक्षीदार म्हणजे तुरुंगाची वही.

आणि ती वही कायम राहीलच असे नाही. सरकारी कचेरीत दप्तराचे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ब' वर्ग तीस वर्षे, त्याखालचे वर्ग दहा, पाच आणि एक वर्ष. मुदत संपली की नाश यादी तयार होते आणि कागद रद्दीत जातो. १९९४ ची वही 'ब' वर्गात टाकलेली असेल तर तिची तीस वर्षे उलटून गेली आहेत. १९७९ च्या लाँग मार्चची तर केव्हाच. कच्च्या कैद्यांच्या वह्या खालच्या वर्गात असतील तर त्या आजवर टिकल्या असतील काय, हे विचारून पाहावे लागेल. बहुतेक सत्याग्रही तर दोन-चार दिवस, आठवडाभर आत राहून सुटलेले, म्हणजे त्यांची नोंद नेमकी कच्च्यांच्याच वहीत.

म्हणून येत्या जयंतीची स्मरणिका काढणाऱ्या मंडळांनी जाहिराती गोळा करण्याआधी एक अर्ज करावा. बिंदू चौकातले तुरुंग आणि कळंबा कारागृह या दोन्ही ठिकाणी. अर्जात विचारायचे ते एवढेच : डिसेंबर १९६४ ते फेब्रुवारी १९६५ आणि जुलै १९७८ ते जानेवारी १९९४ या काळातल्या कच्च्या कैद्यांच्या, पक्क्या कैद्यांच्या आणि सुटकेच्या वह्या आज कुठे आहेत, कोणत्या वर्गात टाकल्या आहेत, आणि नाश केल्या असतील तर नाश यादीची प्रत. वह्या असतील तर नाश थांबवून त्या पुरालेखागाराकडे सोपवाव्यात, अशी मागणी त्याच अर्जात खाली जोडावी. आणि अर्ज करायच्या आधी गावातल्या साठी-सत्तरी उलटलेल्या कार्यकर्त्यांकडे बसून कोणत्या तारखेला, कोणत्या चौकातून, कुणाकुणाबरोबर पकडले, कोणत्या कोर्टात उभे केले आणि कधी सोडले, हे वहीत उतरवून घ्यावे. तुरुंगाची वही तारखेने उघडते. तारीख सांगणारी माणसे मात्र एकेक करून जात आहेत.